तुझ्या निबंधाच्या चौथ्या पानाबद्दल

प्रिय राहुल,

सप्रेम नमस्कार. भिक्खुनी संघाच्या स्थापनेवरचा तुझा निबंध दोनदा वाचला. मूळ पाली तू नीट तपासली आहेस, त्याबद्दल बोलायला नको. चौथ्या पानावर मात्र संशोधक बाजूला होतो आणि बचावाचा वकील उभा राहतो. तुझी श्रद्धा ती माझीही आहे, म्हणून हे मीच सांगायला हवं.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गातली कथा अशी: बुद्धांची मावशी महापजापती गोतमी तीनदा प्रव्रज्या मागते, बुद्ध तीनदा नाकारतात. मग आनंद विचारतो, स्त्रीला अर्हत्त्व, म्हणजे पूर्ण मुक्ती, मिळू शकतं का? बुद्ध होकार देतात आणि आठ गरुधम्मांच्या, म्हणजे भिक्खुनींसाठीच्या आठ खास नियमांच्या, अटीवर प्रवेश देतात. पहिलीच अट अशी की उपसंपदा, म्हणजे पूर्ण दीक्षा, घेऊन शंभर वर्षं झालेल्या भिक्खुनीनेही त्याच दिवशी उपसंपदा झालेल्या भिक्खूला वंदन करावं. तू लिहितोस, ‘बुद्धांनी स्त्रीची पात्रता निःसंदिग्धपणे मान्य केली, आठ नियम मात्र उत्तरकालीन भिक्खूंनी घुसडले.’ होकार आणि अटी एकाच कथेत, एकमेकांना लागून येतात. मग आवडतं वाक्य इतिहास आणि नावडतं वाक्य प्रक्षेप, असं कशावरून? तुझ्या परिच्छेदात त्याचं उत्तर नाही. आपल्याला ते हवंसं वाटतं, एवढंच कारण दिसतं.

नियम नंतरचे असावेत, या मताला भक्कम आधार आहे, आणि नेमका तोच तू दोन ओळींत उरकला आहेस. सहावा गरुधम्म म्हणतो की शिकाऊ स्त्रीने दोन वर्षं सहा नियम पाळावेत आणि मग दोन्ही संघांकडे उपसंपदा मागावी. भिक्खुनींचा संघच अजून जन्मला नाही, तर ‘दोन्ही संघ’ आले कुठून? शिवाय यातले काही नियम पाचित्तियांत, म्हणजे भिक्खुनींच्या प्रायश्चित्ताच्या नियमांतही, येतात, आणि तिथे प्रत्येकाची स्वतंत्र निमित्तकथा आहे. गोतमीने ते पहिल्याच दिवशी स्वीकारले असते, तर पुढे भिक्खुनींची चूक घडून मग नियम झाला, असं सांगायची गरज काय होती?

पण राहुल, हा युक्तिवाद खरा मानला की त्याची धार आपल्यावरही येते. नियमांची चौकट नंतरची असेल, तर ती ज्या कथेत बसवली आहे ती कथाही सध्याच्या रूपात नंतरची असू शकते, आनंदाच्या प्रश्नासकट. स्त्रीच्या पात्रतेसाठी मग दुसरीकडे पुरावा शोधावा लागतो. तो थेरीगाथेत, म्हणजे ज्येष्ठ भिक्खुनींच्या पद्यांत, आहे. भद्दा कुंडलकेसा म्हणते की बुद्धांनी तिला ‘ये भद्दे’ म्हटलं आणि तीच तिची उपसंपदा झाली. तिथे गरुधम्मांचा उल्लेख नाही. अर्थात तेही एक काव्य आहे, घटनेचा पंचनामा नव्हे. पण दोन परंपरा शेजारी ठेवता येतात.

स्त्रियांना संन्यास बुद्धांनी ‘जगात प्रथमच’ दिला, हे तुझं वाक्यही याच भद्देमुळे पडतं. थेरीगाथेवरच्या अट्ठकथेनुसार, म्हणजे टीकेनुसार, ती आधी निगंठांच्या, म्हणजे जैनांच्या, संघात प्रव्रजित होती. म्हणजे आपलेच ग्रंथ आधीच्या स्त्री-संन्यासिनी दाखवतात. ‘त्या काळाच्या मानाने क्रांतिकारक’ असं लिहायचं तर तुलना करून दाखव, नाहीतर काढून टाक. मी स्वतः असंच लिहिलं होतं. परीक्षकाने समासात दोनच शब्द लिहून निबंध परत पाठवला होता: ‘कशाच्या तुलनेत?’ तेव्हा फार लागलं होतं, पण माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

आता क्रियापदं बघ. तुझ्या निबंधात विरोधी मताचे अभ्यासक सगळीकडे ‘दावा करतात’, आणि आपल्या बाजूचे ‘स्पष्ट करतात’, ‘दाखवून देतात’. त्यांची अदलाबदल करून परिच्छेद मोठ्याने वाच. कुठे अडखळलास, तिथे युक्तिवादाचं काम क्रियापद करतंय असं समज. ‘वस्तुतः’ आणि ‘केवळ’ हे शब्दही बहुतेक वेळा पुरावा संपतो तिथेच आले आहेत.

ती ओळ मी अशी लिहिली असती: ‘चुल्लवग्गाच्या कथेत बुद्ध स्त्रीची अर्हत्त्वाची क्षमता मान्य करतात आणि प्रवेशाला आठ अटी घालतात. सहाव्या अटीतील विसंगतीवरून ही यादी उत्तरकालीन असावी असे दिसते. कथेचा उरलेला भाग त्यापेक्षा जुना आहे की नाही, हे या पुराव्यावरून ठरत नाही.’

तीनदा दिलेला नकारही मुख्य मजकुरात आण, तळटीपेत लपवू नकोस. आणि उलट टोकाला जाऊन, आपण तटस्थ आहोत हे दाखवायला कथेची टर उडवू नकोस. तुझ्या सहाव्या पानावरचा ‘तथाकथित’ मला तसाच वाटला. तोही काढ.

गरुधम्म आणि पाचित्तिय शेजारी मांडलेला एक तक्ता माझ्याकडे आहे, तो सोबत पाठवतोय. चौथं पान पुन्हा लिहिलंस की आधी तेवढंच पाठव.

तुझा,
सुनील