साडेआठ की साडेनऊ

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

रोज व्हिडिओ कॉलवर तोंडं बघतो, तरी कागदावर लिहितोय. फोनवर आई ईशानशिवाय कुणाला बोलूच देत नाही ना!

आई, जूनमध्ये तुझे फोन लागोपाठ चुकत होते, तेव्हा मी बाबांवर चिडलो होतो. "चार वेळा दाखवलं, तरी कसं जमत नाही?" असंही बोललो. शेजारच्या शेवंतीने परवा खरं कारण सांगितलं आणि माझी मलाच लाज वाटली. फोनचा पडदा बंद असला की हिरवं बटण बोटाने वर सरकवावं लागतं. उघडा असला, तर नुसतं दाबलं तरी पुरतं. मे महिन्यात डिचोलीला मी शिकवत होतो, तेव्हा फोन सारखा उघडाच असायचा. तू दाबायलाच शिकलीस आणि मी गेल्यावर दाबतच राहिलीस. त्यात आदोळीवर नारळ खवता खवता उठून यायचीस. ओलं बोट त्या काचेला नीट कळत नाही. शेवंती हुशार. तिने तुझ्या फोनचा पडदा बंद करून तो टेबलावर ठेवला, आपल्या फोनवरून पुन्हा पुन्हा लावला, आणि शेजारी कोरडा पंचा ठेवला. मी नुसतं सांगितलं होतं, तिने तुझ्याकडून करून घेतलं.

पहिला फोन लागला तेव्हा तू सवयीने तो कानाला लावलास. आम्हाला इथे पडदाभर तुझा कान! ईशान ओरडला, "आजीच्या कानात मोती आहे!" त्याने शाळेत आजीचं चित्र काढलं, त्यात नाक-डोळे बारीक आणि कुडी ही एवढी मोठी. चित्र सोबत पाठवतोय.

चवथीला तू गणपतीवर टांगलेली माटोळी दाखवलीस, तेव्हा मात्र मी थक्क झालो. कॅमेरा उलटवायचं ते बाणांचं चक्र तुला कुणी शिकवलं? सुरुवातीला तू भरभर फिरवलंस, तर इथे सगळं फुटत होतं. मग बाबांनी "हळू गो" म्हटलं आणि एकेक दिसायला लागलं: नारळ, सुपारीचा घोस, अंबाडे. कांगले बघून ईशानने विचारलं, "हे खायचं की नुसतं टांगायचं?" तू हसायला लागलीस आणि पुढची दोन मिनिटं आम्हाला फक्त घराचं छप्पर दिसलं. तेही बरं वाटलं. कौलं बदलायला झालीत, बाबा.

आता एकच काम. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जर्मनीत घड्याळं एक तास मागे जातात. ईशान पाचलाच घरी येईल, पण तुमच्याकडे तेव्हा साडेआठ नाही, साडेनऊ वाजलेले असतील. आई साडेआठपासून फोनसमोर बसून राहील, म्हणून आधीच कळवतोय. जेवून घ्या. बाबांच्या गोळ्याही होऊ देत. नऊ पंचवीसला पंचा घेऊन बस.

तुमचा,
सुहास