पोस्टकार्ड वाचून देणाऱ्या ताईंचे आभार

दिवंगत आजोबांनी लग्नापूर्वी सोलापूरहून धारवाडच्या थोरल्या भावाला पेन्सिलीने लिहिलेल्या कन्नड पोस्टकार्डाचा फोटो नातेवाइकांकडून मिळाला, पण अक्षरे पुसट होती आणि आजीला कन्नड वाचता येत नाही. ग्रंथालयातील एका कर्मचारी ताईंनी कार्डावर बाजूने तिरपा प्रकाश पाडून पुन्हा फोटो मागवायला सांगितले, कारण पेन्सिलीच्या दाबाने पडलेल्या खाचा तशा उजेडात सावलीमुळे उठून दिसतात. मग त्यांनी मोठ्या अक्षरांत ओळीखाली ओळ मराठी लिहून दिली आणि डाकेच्या शिक्क्याखालचा शब्द अंदाजाने न भरता मोकळा सोडला.

“मुलगी मला पसंत आहे. तिला आपली भाषा येत नाही, तेव्हा … सगळ्यांनी तिच्याशी मराठीत बोलावे.”

आजी म्हणाली, “म्हणून भाऊजी माझ्याशी मोडकंतोडकं मराठी बोलायचे होय!”

ताई, आम्ही सारे तुमचे मनापासून ऋणी आहोत.