तिसरी कॉपी काढण्याआधी एवढं वाच

प्रिय नित्या,

तुझा मेसेज वाचला आणि लगेच लिहायला बसलो, कारण तुझ्या यु-गि-ओ डेकमधे मेन कार्डच्या तीनऐवजी दोनच कॉप्या ठेवायच्या हे काही मला पटेना. परवा दोन गेम्समधे एकाच वेळी दोन-दोन कॉप्या हातात आल्या आणि कार्ड मैदानात उतरवायचा नॉर्मल समन टर्नला एकच असल्यामुळे दुसरी नुसती पडून राहिली, हे खरंय, डोकं फिरतं अशा वेळी. पण असे हँड लक्षात राहतात रे, आणि कार्ड आलंच नाही म्हणून हरलेले गेम आपण "हँड खराब होता" म्हणून सोडून देतो.

आपण मोजूनच बघू. यु-गि-ओचा ४० कार्डांचा डेक म्हणजे ४० खुर्च्या समज, पहिल्या ५ खुर्च्या म्हणजे तुझा ओपनिंग हँड. कार्ड हातात येऊ नये असं असेल तर तिन्ही कॉप्या मागच्या ३५ खुर्च्यांवर बसल्या पाहिजेत. पहिल्या कॉपीसाठी ४० पैकी ३५, तिने एक खुर्ची अडवली म्हणून दुसरीसाठी ३९ पैकी ३४, तिसरीसाठी ३८ पैकी ३३. हे तिन्ही गुणलेस की ०.६६ येतं, म्हणजे निदान एक कॉपी हातात यायचा चान्स ३३.८ टक्के. हायपरजिऑमेट्रिक म्हणतात ते हेच, काढलेलं कार्ड परत डेकमधे जात नाही म्हणून दर वेळी वरचा आणि खालचा आकडा एकेक कमी करायचा, बस. शीटमधे करायचं तर:

```
=1-HYPGEOM.DIST(0,5,3,40,FALSE)
```

यात ५ म्हणजे हँड, ३ म्हणजे कॉप्या. दोन कॉप्या टाकल्यास तर २३.७ टक्के, एकच टाकलीस तर १२.५. म्हणजे तिसरी कॉपी एकटीच १० टक्के आणते. आणि तुला त्रास देणारी गोष्ट, दोन किंवा जास्त कॉप्या एकदम हातात येणं, ती तीन कॉप्या असताना ३.६ टक्के आहे, म्हणजे साधारण २७-२८ गेम्समधे एकदा. दोन कॉप्या ठेवल्या तर १.३ टक्के. सव्वादोन टक्क्यांचा त्रास वाचवायला तू १० टक्के सोडतोयस!

पण थांब, इथे तुझीही एक बाजू आहे आणि ती मला आधी दिसली नव्हती. तुझ्या डेकमधे ते कार्ड शोधून आणणारे ६ सर्चर आहेत ना, मग मोजायचं ते ३ नाही, ९. कुठलंही एक आलं तरी काम सुरू होतं. ९ ला ७४.२ टक्के येतात, आणि तू एक काढलीस की ८ ला ६९.४. म्हणजे सर्चर असताना तिसऱ्या कॉपीची किंमत १० वरून ५ टक्क्यांच्या खाली येते. जितके सर्चर जास्त तितकी पुढच्या प्रत्येक कॉपीची भर कमी. समोरच्याची पहिली पाळी असेल आणि तू दुसऱ्या पाळीला खेळत असशील तर ६ कार्डं मिळतात, तिथे ८०.८ आणि ७६.४.

तरी मी तीनच ठेवीन. सर्चर आणि खरं कार्ड सारखे नाहीत, समोरच्याकडे ॲश ब्लॉसम, म्हणजे डेकमधून कार्ड शोधणं थांबवणारं कार्ड असेल तर तो सर्चरच अडवतो आणि तुझा टर्न तिथेच संपतो, खरी कॉपी हातात असेल तर निदान डेकमधून शोधायची पायरी तरी वाचते. वरच्या ७४ टक्क्यांत हे कुठेच दिसत नाही, तो फक्त हातात काय आलं ते सांगतो, पुढे काय होतं ते नाही.

आणि हो, "दहा गेम खेळून बघतो" म्हणालास, त्यावर भरवसा ठेवू नकोस. ९ कार्डं असूनही चारात एक हँड कोराच जाणार, आणि दहा गेम्समधे पाच किंवा जास्त हँड कोरे जायचा चान्स जवळजवळ ९ टक्के आहे, डेक अगदी नीट असताना. तेवढ्यावर कॉपी कमीजास्त केलीस तर पुढच्या आठवड्यात परत उलटं करशील.

आता एकच सांग, त्या रिकाम्या जागी काय घालणार होतास? सातवा सर्चर असेल तर एकूण ९ च राहतात, मग प्रश्न फक्त ॲश ब्लॉसमचा उरतो. दुसरं काही असेल तर पूर्ण लिस्ट पाठव, आज रात्रीच बसून मोजतो.

तुझा,
मंद्या