‘टिपणे’ वगळून निकाल कसा लागतो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीत मार्गारेट अ‍ॅटवुडच्या ‘द हँडमेड्स टेल’ या कादंबरीच्या शेवटाचा निकाल एका ओळीत लावलेला वाचला: नायिका ऑफ्रेड तिला न्यायला आलेल्या काळ्या गाडीत चढली आणि संपली; बाकी ज्याला जे वाटेल ते! लेखक महाशयांनी गाडीचे दार लागताच पुस्तकही मिटले असावे.

त्यापुढे ‘ऐतिहासिक टिपणे’ आहेत, म्हणजे २१९५ सालच्या परिसंवादातले एका प्राध्यापकाचे भाषण. ती परिशिष्ट समजून सोडायची नसतात. तिथे कळते की आपण इतका वेळ वाचत होतो ते तिने लिहिलेलेच नाही. ते सुमारे तीस कॅसेटवर बोललेले आहे आणि वर संशय येऊ नये म्हणून प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला गाणी आहेत. आता बायकांना लिहिण्या-वाचण्याचीही बंदी असलेल्या राजवटीत, तिला जिथे ठेवले होते त्या कमांडरच्या घरात, तिला टेपरेकॉर्डर कोण देणार? म्हणजे हे बोलणे गाडीनंतरचे. गाडीने तिला थेट फासावर नेले नाही, हा काही ‘ज्याला जे वाटेल ते’ मधला भाग नव्हे.

याउलट ज्या खुणेवर आशावादी वाचक सगळा भार टाकतात, ती कच्ची आहे. गाडी आली तेव्हा कमांडरचा ड्रायव्हर निक तिच्या कानात ‘मेडे’ हा बंडखोरांचा परवलीचा शब्द सांगतो, तिला खऱ्या नावाने हाक मारतो. पण निक स्वतः हेरखात्यातला असेल, तर त्याला दोन्ही ठाऊक असणारच. हे तिलाही कळते.

कॅसेटचा पुरावाही एका जागी थांबतो. त्या अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या बँगोरमध्ये सापडल्या, बायकांना पळवून नेणाऱ्या गुप्त वाटेवरच्या टप्प्यावर. तिथपर्यंत ती पोहोचली असावी. पुढे सरहद्द ओलांडली की पकडली गेली, याला काहीच आधार नाही. आणि खरी मेख पुढेच आहे. कॅसेटवर क्रमांक नव्हते. भाषण करणारे प्राध्यापक आणि त्यांचे सहकारी यांनी त्या अंदाजाने लावल्या, अशी कबुली भाषणातच आहे. गाडीचा प्रसंग ‘शेवट’ ठरला तोही त्यांच्या मांडणीमुळे. तिच्या हकिगतीतल्या अखेरच्या वाक्यातल्या अंधार-उजेडावर कालच्या लेखात दोन परिच्छेद खर्ची पडले आहेत. ते वाक्य तिने सर्वांत शेवटी उच्चारले, हे कशावरून? या गृहस्थांच्या तर्कावरून. आणि हे गृहस्थ तिच्या हालांवर विनोद करून टाळ्या घेतात, हेही कालच्या लेखकाच्या नजरेतून सुटले.

जाता जाता, लेखासोबतचे छायाचित्र कादंबरीवरच्या दूरचित्रवाणी मालिकेचे होते आणि मजकुरात नायिका सर्रास ‘जून’. कादंबरीत तिचे खरे नाव कुठेही उघड केलेले नाही. ‘जून’ हा वाचकांनी लढवलेला तर्क, मालिकेने उचललेला. परीक्षण १९८५ च्या कादंबरीचे होते की मालिकेचे, तेवढे एका ओळीत छापावे.

आपला,
एक नियमित वाचक