स्टिकर एका कंपनीचा, वॉलेट दुसरीचे

संपादक महोदय,

परवा भाजीवाल्या मावशींच्या गाडीवर एक तरुण हिरमुसून उभा होता. त्याच्या वॉलेटमध्ये पैसे होते, पण चाळीस रुपये काही जाईनात. ‘हा कोड दुसऱ्या कंपनीचा आहे ना, म्हणून,’ असे त्याचे म्हणणे. स्टिकरवरचे नाव बघून होणारा हा गैरसमज सर्रास आढळतो.

यूपीआयच्या कोडमध्ये मुळात `upi://pay?pa=` आणि त्यापुढे दुकानदाराचा यूपीआय पत्ता असतो. कोणतेही यूपीआय ॲप तो वाचते, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या यंत्रणेमार्फत त्या पत्त्याची बँक शोधली जाते, पैसे आपल्या वॉलेटमधून वजा होतात आणि मावशींच्या खात्यात जमा होतात. स्टिकर कोणी चिकटवला, याने फरक पडत नाही.

अडचण वेगळीच निघाली. वॉलेटमधून असे कोणत्याही यूपीआय कोडवर पैसे देण्याची सोय ३१ मार्च २०२२ पर्यंत देणे रिझर्व्ह बँकेने कंपन्यांना बंधनकारक केले, ते पूर्ण केवायसी झालेल्या वॉलेटसाठी. या मुलाचे वॉलेट नुसत्या मोबाइल क्रमांकावर व ओळखपत्राच्या क्रमांकावर उघडलेले, किमान केवायसीचे. ते त्याच्याच कंपनीच्या जाळ्यात चालते. ॲप मात्र ‘व्यवहार अयशस्वी’ एवढेच दाखवत होते. ‘केवायसी पूर्ण करा’ हे तीन शब्द जास्त लिहायला काय हरकत होती?

मावशींनी शेवटी उधारीच लिहून घेतली.

– एक वाचक, सातारा