रात्रीची झोप वाटून घेतली तेव्हा

माननीय संपादक,

आजारी आईवडिलांची काळजी कशी घ्यावी यावर तुमच्या पेपरात अधूनमधून येत असतं, मी ते वाचते आणि कापून पण ठेवते. पण त्या काळजी घेणाऱ्या माणसाने झोपायचं कधी हे कुठे सापडलं नाही, म्हणून लिहायला बसलेय. मोठं झालं पत्र तर कापा, पण झोपेचा भाग तेवढा राहू द्या.

माझे बाबा ७८ वर्षांचे, डिमेन्शिया आहे, तीन वर्षं झाली आमच्याकडेच असतात. मुलगी १४ची, मुलगा ७चा. नवरा आणि मी दोघंही नोकरी करतो. दिवस कसाही निघतो हो, खरं मारून टाकते ती रात्र. बाबा रात्रीत चार वेळा उठायचे आणि प्रत्येक वेळी मीच, कारण माझा कान त्यांच्या पावलांना लागलेला. वर्षभर असं चाललं.

मग एक दिवस सकाळी मी बाबांना बीपीची गोळी दिली, मुलाचा डबा भरला, त्याच्या बुटाची लेस बांधली आणि परत येऊन बाबांना गोळी दिली. पाणी प्यायल्यावर बाबाच म्हणाले, "ही तर मगाशी घेतली ना गं?" ज्या माणसाला माझं नाव रोज आठवत नाही त्याला ते आठवलं आणि मला नाही. लगेच डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितलं की त्यांना आडवं करा, एकटं उठू देऊ नका, दर तासाला बीपी मोजा. संध्याकाळपर्यंत सगळं ठीक झालं, पण त्या दिवसभर मी मशीनकडे बघत बसले होते आणि मुलगा शाळेतून येऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवायला आला तर त्याला ढकललं. ते ढकलणं अजून डोळ्यासमोर आहे.

डॉक्टरांना मी म्हटलं बाबांना झोपेची गोळी द्या. ते म्हणाले लगेच नको, या वयात त्याने तोल जाऊन पडायची भीती जास्त असते, आधी सात रात्री लिहून आणा. किती वाजता उठले, कशासाठी उठले, परत झोपायला किती वेळ लागला, बस एवढंच. उशाशी वही ठेवली. सात दिवसांनी बघितलं तर बहुतेक वेळा लघवीलाच उठत होते, आणि पायावरच्या सुजेसाठी जी लघवीची गोळी चालू होती ती आम्ही संध्याकाळी सातला देत होतो! डॉक्टरांनी ती सकाळी करून दिली (हे स्वतःच्या मनाने करू नका, विचारूनच करा). शिवाय दुपारी तासभर पाय उशीवर उंच ठेवायचे, म्हणजे दिवसा पायात साठणारं पाणी रात्री आडवं झाल्यावर उतरून लघवीला लावतं ते दिवसाच निघून जातं. पाणी दिवसभर व्यवस्थित द्यायचं, फक्त झोपायच्या आधी दोन तास कमी. पंधरा दिवसांत चारवरून दोनवर आलं. आणि डॉक्टरांनी हेही सांगितलं की कधी अचानक एक-दोन दिवसांत उठणं वाढलं आणि बडबड, गोंधळ वाढला तर ते आजाराचंच आहे म्हणून सोडून देऊ नका, लघवीचं इन्फेक्शन असू शकतं, दाखवायला आणा.

उरलेल्या दोन वेळांसाठी आम्ही रात्रच वाटून घेतली. दहा ते अडीच नवरा, अडीच ते सात मी. आधी काय व्हायचं की "आज तू उठ उद्या मी" असं ठरायचं, पण झोपायचो एकाच खोलीत, बाबांनी हाक मारली की दोघंही जागे. आता ज्याची पाळी तो बाबांच्या खोलीत झोपतो आणि दुसरा दार लावून. सलग साडेचार तास. झोपेचं एक चक्र साधारण दीड तासाचं असतं, म्हणजे तीन चक्रं पूर्ण होतात, आणि पाळीच्या तासांत डुलकी लागते ती वरची. सात तासांचे चार तुकडे आणि साडेचार तास सलग यात किती फरक आहे ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं, मुलावर ओरडणं थांबलं नाही पण कमी झालं.

आता त्या अपराधीपणाबद्दल, कारण खरं दुखणं तेच आहे. माझा भाऊ दुसऱ्या गावात असतो. पूर्वी मी पार कोलमडले की त्याला फोन करायचे, मग भांडण, मग तो यायचा, मग मला वाटायचं मी बाबांना ओझं समजते. मग आम्ही ठरवून टाकलं, महिन्यातला दुसरा शनिवार दुपारी चार ते रविवार दुपारी चार दादाचा. मी बरी असले तरी तो येतो. मागावंच लागत नाही ना, त्यामुळे त्याच्या आधीचं ते रडणं-भांडण होत नाही, आणि माझा अर्धा गिल्ट त्या मागण्यातच होता हे मला नंतर कळलं.

पहिल्या वेळी मी घरातच थांबले, ते फुकट गेलं. "टॉवेल कुठंय, बाबा असं का करतायत" करत सगळे माझ्याकडेच. दुसऱ्या वेळी मैत्रिणीकडे जाऊन झोपले, तीन तासांनी उठून दादाला फोन लावला, त्याने उचलला नाही, तर चप्पल घालून निघालेच होते मी. तो बाबांना अंघोळ घालत होता. तेव्हापासून फोन त्यानेच करायचा आणि तोही बाबा पडले, उठवून उठत नाहीत, ताप आला किंवा धाप लागली तरच. बाकी सगळं कपाटाच्या दारावर एका कागदावर लिहिलंय. गोळीची वेळ आणि पुढे चौकोन, दिली की लगेच टिक (ती सकाळ परत नको). आणि संध्याकाळी बाबा "मला घरी जायचंय" म्हणतात तेव्हा "हेच तुमचं घर" असं समजावत बसायचं नाही, त्याने ते चिडतात, "हो जाऊया, घरी कोण कोण आहे सांगा" असं म्हणायचं.

पहिल्या दोन वेळा बाबा मला शोधत रडले होते. दादाने ते मला नंतर सांगितलं आणि मला फार वाईट वाटलं, पण तिसऱ्या वेळेपासून त्यांची त्याच्याशी घडी बसली. आता ते त्याला त्यांचा धाकटा भाऊ समजतात आणि दोघं मजेत असतात.

मुलीला रात्रीच्या कामात घेतलेलं नाही. ती संध्याकाळी अर्धा तास आजोबांजवळ बसते, गोळ्या आणि बाथरूम तिच्याकडे नाही. त्या अर्ध्या तासात मी मुलाजवळ असते, फोन दुसऱ्या खोलीत.

ज्यांना भाऊबहीण नाही, जोडीदार नाही, त्यांना माझं हे सगळं जमणार नाही हे मला माहितीये. त्यांनी पैशाने मदत घेता आली तर आधी रात्रीची घ्यावी असं मला वाटतं, आठवड्यातून दोन रात्री का होईना. दिवसाची कामं अर्धवट झोपेतही ढकलता येतात, गोळ्या मात्र चुकतात. तेही परवडत नसेल तर बाबा दुपारी पडतात तेव्हा भांडी तशीच ठेवून आपणही आडवं व्हायचं. मी कितीतरी महिने त्या वेळात कपाटं आवरत बसले.

तुमच्या वाचकांत असं करणारे खूप असतील, त्यांनी त्यांच्या रात्री कशा वाटल्यात ते कळवावं ही विनंती. या शनिवारी दादा येतोय, मी चारला निघणार आहे.

आपली,
एक वाचक