किट उतरवताना जवळ उभ्या राहिलेल्या मावशींचे आभार

एप्रिल 2021 मध्ये मी इंदूरच्या एका कोविड वॉर्डात परिचारिका होते. सहा तासांची पाळी संपली की मला सर्वांत जास्त भीती वाटे ती पीपीई किट उतरवण्याची, कारण रुग्णाजवळ आपण सावध असतो, पण थकलेला हात नकळत आधी मास्ककडेच जातो. एका पहाटे माझा हात तसाच निघाला, तेव्हा दाराच्या काचेपलीकडून सफाईच्या मावशी ठामपणे म्हणाल्या, "ताई, थांबा. आधी वरचे हातमोजे."

मग त्यांनी एकेक गोष्ट सावकाश सांगितली: चष्मा मागच्या पट्ट्याने काढायचा, सूट आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत उतरवायचा, मग आतले हातमोजे, आणि खोलीबाहेर आल्यावर सर्वांत शेवटी मास्क, तोही पुढून न धरता केवळ पट्ट्यांनी; प्रत्येक वेळी मध्ये हात सॅनिटायझरने चोळायचे. हे त्यांना कोणी शिकवले होते की रोज आम्हाला पाहून त्या शिकल्या होत्या, हे मी विचारलेच नाही.

पुढे माझी पाळी संपण्याच्या वेळी त्या न बोलावता काचेपाशी येत. भीती गेली नाही, पण हातांचा थरकाप थांबला. मावशी, तुमचा चेहराही मी मास्कविना पाहिला नाही. तुमचे मनःपूर्वक आभार.